गणिताशी गट्टी – लेखांक ७
घड्याळ लावलं की येणारंही विसरतं

मागच्या लेखात पाढा पाठ असणं आणि पाढ्यातलं मधलंच उत्तर चटकन सांगता येणं यांतला फरक पाहिला. वेग वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या वर्कशीटवर मुलं गोठतात, त्यामागे बरेचदा हाच फरक असतो. नेहमीचं वर्कशीट असं असतं : एका पानावर गुणाकाराची ४० उदाहरणं आणि वर ठळक अक्षरात ‘वेळ ३ मिनिटं’.

चौथीतली एखादी मुलगी ७ × ८ करताना मनात ‘सात एके सात’पासून म्हणत येते आणि ‘सात आठे छप्पन’वर थांबते. घरी तिला कोणी घाई करत नाही, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. वर्गात घड्याळाकडे नजर गेली की म्हणणं मध्येच तुटतं, मग पुन्हा पहिल्यापासून. काम होईपर्यंत आकडे धरून ठेवणारी आपली स्मृती फार लहान असते आणि काळजी तिच्यातलीच जागा अडवते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग याच विषयावरचे. गणिताची धास्ती असलेल्यांना काही अक्षरं लक्षात ठेवून हातच्याची बेरीज करायला सांगितली, तेव्हा त्यांच्या चुका इतरांपेक्षा खूपच वाढल्या. ही तर मोठी माणसं होती. नऊ वर्षांच्या मुलीला ‘लक्ष दे’ म्हणून काय साधणार?

वर्कशीट बदलण्याआधी एक छोटी तपासणी करावी. या तपासणीचा मला फार आग्रह आहे, कारण ती सहसा कोणीच करत नाही. मुलीला एक मिनिटभर फक्त अंक लिहायला सांगा, समोरचे बघून. समजा तिने ३० अंक लिहिले. ४० उदाहरणांची उत्तरं बहुतेक दोन अंकी, म्हणजे साधारण ८० अंक. ते नुसते उतरवायलाच १६० सेकंद लागतात. ३ मिनिटांतले २० सेकंद उरले, म्हणजे उदाहरण वाचून विचार करायला प्रत्येकी अर्धा सेकंद. हे पान तिला पूर्ण होणारच नव्हतं, मग पाढे कितीही पक्के असोत.

आता नवं पान. ४० उदाहरणांच्या चार पट्ट्या करा, प्रत्येकीत १०. एका वेळी एकच पट्टी दिसेल असा कागद दुमडायचा. पट्टीतली सात उदाहरणं तिला पाढा म्हणावा न लागणारी, म्हणजे पाहिल्याबरोबर उत्तर सुचणारी असावीत आणि तीनच नवी : समजा ७ × ८, ६ × ७ आणि ८ × ९. पहिली तीन नेहमी सोपी. नवी पाठोपाठ ठेवू नयेत, मध्ये दोन तरी ओळखीची हवीत. पानावर वेळ छापायची नाही. प्रत्येक उदाहरणाशेजारी एक रिकामा गोल ठेवायचा. अडलं की गोलात टिंब द्यायचं आणि पुढे जायचं, शेवटी टिंबांकडे परतायचं. अडलेलं सोडून पुढे जाणं हे या मुलांना मुद्दाम शिकवावं लागतं. ती एकाच उदाहरणापाशी रुतून बसतात.

पहिले काही दिवस घड्याळच नको. त्यानंतर मुलीने स्वतः घड्याळ सुरू करायचं, पालथं ठेवायचं आणि पट्टी संपल्यावर किती वेळ लागला ते लिहायचं. समजा ७० सेकंद लागले. त्यातले सुमारे ४० लिहिण्याचे, ३० विचाराचे. मग पहिली मर्यादा ९० सेकंदांची द्यावी, म्हणजे ती सहज पुरेल. लागोपाठ दोन दिवस दहाही बरोबर आली की ५ सेकंद कमी. वेळ संपली तर शेवटच्या उत्तराखाली रेघ मारायची आणि उरलेली दुसऱ्या रंगाने पूर्ण करायची. पट्टी अर्धवट राहू द्यायची नाही.

शाळेच्या हिशोबाने दहा उदाहरणांना ४५ सेकंद येतात. या मुलीसाठी मी ६० वर थांबेन आणि अंकलेखनाचा सराव वेगळा घेईन. वेळ कमी केल्यावर चुका वाढल्या, खोडरबर सारखं हातात येऊ लागलं किंवा शेवटच्या ओळींत कसेही आकडे पडू लागले, तर आधीच्या मर्यादेवर परत जावं.

बिनघड्याळाची पट्टीच चार-पाच मिनिटं घेत असेल, तर मात्र अडचण घड्याळाची नाही. पाढेच अजून बसलेले नाहीत, आणि तिथे ही पट्टी उपयोगी पडणार नाही. आधी तीनच गुणाकार घेऊन तोंडी सराव करावा.

शिक्षकांशी बोलताना अंकलेखनाचा तो एक मिनिटाचा कागद सोबत न्या. चाचणी पाढ्यांची असेल, तर या मुलीकडून २० उदाहरणं लिहून घ्यावीत आणि २० तोंडी विचारावीत, एवढंच मागावं. उत्तर बोलायला हात लागत नाही, त्यामुळे पाढा किती पक्का आहे ते तिथे खरं दिसतं.