रोलर फिरतो, पण माती दबत नाही

रस्त्याच्या मातीच्या भरावावर रोलर फिरला, तरी माती किती दबली ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून थरात कोअर कटर नावाची पोलादी नळी ठोकून नमुना काढतात. समजा, नळीत १००० घन सेंटिमीटर माती आली आणि तिचं वजन १९०० ग्रॅम भरलं. भट्टीत १०५ ते ११० अंशांवर पूर्ण वाळवल्यावर ती १६०० ग्रॅम राहिली. उडून गेलेलं ३०० ग्रॅम पाणी म्हणजे ३०० घन सेंटिमीटर. या मातीचे कण पाण्याच्या २.६७ पट जड असतील, तर त्यांनी अडवलेली जागा सुमारे ६०० घन सेंटिमीटर होते. उरलेल्या ४०० पोकळीत ३०० पाणी आणि १०० हवा.

पोकळीला कणांच्या आकारमानाने भागलं की रिक्तता गुणोत्तर मिळतं: ०.६७. एकूण आकारमानाने भागलं की सच्छिद्रता: ४० टक्के. पोकळीचा किती भाग पाण्याने भरलाय, ती संपृक्तता: ७५ टक्के.

पहिले दोन आकडे एकाच पोकळीचे, मग दोन कशाला? माती दबते तेव्हा कण दबत नाहीत, पोकळी दबते. सच्छिद्रतेच्या भागाकारात वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे बदलतात. रिक्तता गुणोत्तरात खालचे ६०० तसेच राहतात, त्यामुळे थर किती खचेल याचा हिशेब सोपा होतो. गुणोत्तर ०.६७ वरून ०.५० वर आलं, तर पोकळी ३०० उरते आणि एकूण आकारमान ९००. बाजूंना पसरायला वाव नसलेला दोन मीटरचा थर असा दबला, तर तो २० सेंटिमीटर खाली बसेल.

आता संपृक्तता पाहा. पोकळी ३०० आणि पाणीही ३००. पावसाचा थेंब पडला नाही, तरी माती पूर्ण संपृक्त झाली! प्रत्यक्षात थोडी हवा अडकून राहतेच, त्यामुळे रोलरची मजल याच्या अलीकडेच संपते. चिकण मातीतलं पाणी पटकन बाहेर पडत नाही. रोलरचा भार मग कणांऐवजी पाणीच पेलतं आणि थर चाकाखाली लिबलिबतो, पुढे फुगून येतो. तेव्हा आणखी फेऱ्या मारण्यात अर्थ नसतो. थर उकरून वाळवावा आणि पुन्हा दाबावा.

मात्र पोकळी किती आहे यावरून ती केवढ्या छिद्रांत वाटली आहे ते कळत नाही. चिकण मातीत वाळूपेक्षा जास्त पोकळी असू शकते, तरी पाणी वाळूतूनच झरझर निघतं, कारण तिची छिद्रं मोठी.

या हिशेबाची एक खूणगाठ बांधून ठेवावी: संपृक्तता १०० टक्क्यांच्या वर आली, तर दोष मातीत नाही, मापात आहे. नळीचं आकारमान, वजन किंवा कणांची घनता, यांतलं काहीतरी चुकलेलं असतं.