बिस्किटाच्या पुड्यावर १९६४? हा आकडा कॅलरीचा नाही!

परदेशातून आलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर ‘१०० ग्रॅममध्ये १९६४ किलोज्यूल’ वाचून दचकलात? आपण ज्याला ‘कॅलरी’ म्हणतो, ती खरं तर किलोकॅलरी. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. म्हणून १९६४ ला ४.१८४ ने भागा. उत्तर येतं साधारण ४६९ किलोकॅलरी.

हे पडताळताही येतं. कर्बोदकं आणि प्रथिनांच्या दर ग्रॅममागे ४, तर स्निग्धांशाच्या दर ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरतात. पुड्यावर कर्बोदकं ६५, स्निग्धांश २० आणि प्रथिनं ७ ग्रॅम लिहिली असतील, तर २६० + १८० + २८ = ४६८. एकाचा फरक पडला, कारण हे गुणक पूर्णांकात धरलेले असतात.

पण हा हिशेब १०० ग्रॅमचा. ५० ग्रॅमचा पुडा संपवलात, तर पोटात गेल्या २३४ किलोकॅलरी.