धुतलेल्या जर्सीला पुन्हा वास का येतो?

पॉलिएस्टरची जर्सी धुऊन वाळली, की घडी घालताना तिला काहीच वास येत नाही. मात्र ती घालून दहा मिनिटे धावले, की काखेतून आणि पाठीवरून तोच आंबूस वास पुन्हा सुटतो. हा वास नव्या घामाचा नसतो, कारण ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आधीच्या वापरांतला जो भाग धुताना निघालाच नाही, तो अंगाच्या उबेने आणि ओलाव्याने पुन्हा हवेत मिसळतो.

घामाबरोबर त्वचेतून सीबम नावाचा तेलकट स्रावही कपड्यावर उतरतो. घाम आणि हा स्राव त्वचेवरच्या जिवाणूंचे खाद्य असते. ते त्याचे विघटन करतात तेव्हा लहान रेणूंची मेदाम्ले तयार होतात. आयसोव्हॅलेरिक आम्ल हे त्यांपैकी एक. ही आम्ले सहज हवेत उडतात आणि अगदी थोडी असली तरी नाकाला जाणवतात. आंबूस वास मुख्यतः त्यांचाच असतो.

असाच घाम सुती बनियनमध्येही जिरतो, पण तो साध्या धुण्यात बराचसा निघून जातो. हा फरक धाग्यामुळे पडतो. सुताला पाणी आवडते. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच पॉलिएस्टर लवकर वाळते आणि खेळाडूंना ते सोयीचे वाटते. मात्र पाणी झटकून टाकणारा हा धागा तेल घट्ट धरतो. सीबमचा पातळ थर धाग्यांवर आणि धाग्यांमधल्या फटींत बसतो. वासाचे काही रेणू या थरात विरघळून राहतात, तर काही हळूहळू धाग्याच्या आतही शिरतात. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ जणांना सुती आणि पॉलिएस्टरचे टी-शर्ट घालून जोरदार सायकलिंगचा व्यायाम करायला लावला. त्यानंतर २८ तास ठेवलेल्या या कपड्यांपैकी पॉलिएस्टरच्या कपड्यांचा वास अधिक तीव्र आणि अधिक नकोसा ठरला. त्या कपड्यांवर मायक्रोकॉकस गटाचे जिवाणू जास्त वाढलेले आढळले.

डिटर्जंट कमी पडतो तो इथे. डिटर्जंटमधील सर्फॅक्टंटचे रेणू एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात आणि तेल धाग्यापासून सुटे करतात. मात्र त्यासाठी तेल पातळ असावे लागते. अंगाच्या उबेत मऊ असलेले सीबम गार पाण्यात थिजते. तुपाचे भांडे गार पाण्याने घासल्यावर जे होते, तेच इथेही होते. शिवाय वीस-तीस मिनिटांच्या धुण्यात फटींतले तेल सुटायला वेळ मिळत नाही. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर त्यातील कॅल्शियम मेदाम्लांशी जुळून न विरघळणारा थर तयार करते आणि डिटर्जंटचाही काही भाग त्यातच खर्ची पडतो. सर्फॅक्टंट मुख्यतः मळ सोडवतो, जिवाणू मारणे हे त्याचे काम नाही. त्यामुळे थोडे तेल आणि थोडे जिवाणू मागे राहिले, की पुढच्या घामाला सगळे आयते मिळते.

मग अनेक घरांत डिटर्जंट वाढवला जातो. त्याने उलटेच होते, कारण जास्तीचा डिटर्जंट खळबळून निघत नाही आणि त्याच्या चिकट थरात मळ अडकतो. फॅब्रिक सॉफ्टनर तर धाग्यांवर स्वतःचाच मेदासारखा थर चढवतो, त्यामुळे तेल आणखी झाकले जाते. व्हिनेगर आम्लधर्मी असते. त्यात मेदाम्ले पाण्यात विरघळण्याजोगी होत नाहीत, उलट तेलकट रूपातच राहतात. याउलट अल्कधर्मी पाण्यात ती साबणासारख्या क्षारांत बदलतात आणि पाण्याबरोबर निघून जातात.

म्हणून ऊब, वेळ, अल्कधर्मी पाणी आणि वासाच्या रेणूंना मोडणारा ऑक्सिजन या चार गोष्टी एकत्र लागतात. यांपैकी शेवटच्या दोन सोडियम परकार्बोनेट या पांढऱ्या पुडीत मिळतात. बाजारात ते ‘ऑक्सिजन ब्लीच’ या नावाने विकले जाते. पाण्यात पडल्यावर त्यापासून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. द्रवरूप डिटर्जंटमध्ये हे ब्लीच सहसा नसते, कारण ते पाण्यात टिकत नाही. कोमट पाण्यात ते चांगले काम करते, गार पाण्यात मात्र फारच संथ.

एका जर्सीसाठी कृती अशी. जर्सी उलटी करावी आणि बादलीत पाच लिटर पाणी घ्यावे. दीड लिटर उकळते आणि साडेतीन लिटर नळाचे पाणी एकत्र केले, की ते साधारण ४५ अंशांपर्यंत येते. जर्सीला लेबलवर ३० अंशांची मर्यादा असेल, तर तीच पाळावी आणि भिजवण्याचा वेळ वाढवावा. पाण्यात एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर नेहमीच्या प्रमाणात विरघळवून जर्सी तासभर भिजू द्यावी. लायपेज हे एन्झाइम मेद तोडते आणि प्रोटिएज प्रथिने. ते पाणी ओतून टाकून पुन्हा तेवढेच कोमट पाणी घ्यावे आणि त्यात साधारण ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, परकार्बोनेट पूर्ण विरघळवावे. जर्सी त्यात तीन-चार तास बुडवून ठेवावी, काखेचा भाग अधूनमधून हाताने दाबावा. हात घालताना रबरी हातमोजे वापरावेत आणि बादलीवर झाकण घट्ट लावू नये, कारण वायू सुटतो. त्यानंतर नेहमीप्रमाणे धुऊन, दोनदा खळबळून, उलटीच ठेवून हवेशीर जागी वाळवावी.

वास खरोखर गेला का, हे कोरड्या कपड्यावरून कळत नाही. वाळलेल्या जर्सीच्या काखेजवळ थोडे पाणी शिंपडून तो भाग तळहातांत दाबून गरम करावा आणि हुंगावा. आंबूस वास आलाच, तर अजून तेल शिल्लक आहे आणि भिजवणे पुन्हा करावे लागेल.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. लेबलवर त्रिकोणावर फुली असेल, तर कोणतेही ब्लीच वापरू नये. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असतील, तर ऑक्सिजन ब्लीच चालते, क्लोरीनचे नाही. क्लोरीन ब्लीच इलास्टेनच्या धाग्याचा ताण घालवते, शिवाय व्हिनेगरसारख्या आम्लाशी ते मिसळले तर विषारी वायू निघतो. चिकटवलेले नाव-नंबर गरम पाण्यात सुटू शकतात. लोकरी आणि रेशमी कपड्यांवर परकार्बोनेट वापरू नये. आणि बऱ्याच वर्षांत वास धाग्याच्या आत शिरलेली जर्सी पूर्णपणे निर्वास होईलच असे नाही.

वास पुन्हा जमू नये, तर घामट जर्सी पिशवीत कोंडून ठेवू नये. लगेच धुता येत नसेल, तर निदान साध्या पाण्यात खळबळून वाळत घालावी. पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते, कारण कपडा जितका वेळ ओला राहतो तितके जिवाणू वाढतात.