एका संकल्पनेला एकच ओळ

समजा, शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीचे करार आणि माहितीपुस्तिका चार अनुवादक मराठीत आणत आहेत. पुस्तिकेत एकाने ‘इंपेलर’ला ‘पंखा’ लिहिलं, दुसऱ्याने ‘इंपेलर’च ठेवलं. मोनोब्लॉक पंपात मोटर थंड ठेवायला मागच्या बाजूला पंखाही असतो. मग मेकॅनिकने पुस्तिका वाचून ‘पंखा’ मागवला, तर दुकानदाराने कोणता भाग द्यायचा? हा घोळ टाळायला कंपनीची स्वतःची द्विभाषिक परिभाषासूची लागते.

ती साध्या एक्सेलमध्येही होते. आधी जुनी कागदपत्रं चाळून दोनच प्रकारचे शब्द काढायचे: वारंवार येणारे आणि अनुवादकांनी वेगवेगळे लिहिलेले. सगळा शब्दकोश भरायला गेलं, की सूची कुणी उघडत नाही.

प्रत्येक संकल्पनेला एक ओळ द्यायची, आणि मराठी शब्द ठरवण्याआधी तिचा अर्थ एका वाक्यात लिहायचा. पुस्तिकेतला ‘डिस्चार्ज’ म्हणजे पंपातून ठरावीक वेळात बाहेर पडणारं पाणी. करारातला ‘डिस्चार्ज’ म्हणजे जबाबदारीतून मुक्तता. शब्द एकच असला तरी इथे दोन ओळी हव्यात, आणि शेजारी ‘पुस्तिका’ किंवा ‘करार’ अशी नोंद हवी.

उलटाही प्रकार होतो. वॉरंटी आणि गॅरंटी या दोन्हींना आपण सहज ‘हमी’ म्हणतो. पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 126 नुसार गॅरंटी म्हणजे दुसऱ्याने पैसे किंवा शब्द पाळला नाही, तर ते आपण पुरं करू असा तिसऱ्याने दिलेला करार. वितरकाची बँक गॅरंटी या प्रकारची असते. पंपाच्या दुरुस्तीची वॉरंटी वेगळी. म्हणून कंपनीने ‘हमी’ गॅरंटीसाठी राखावा, वॉरंटीला ‘वॉरंटी’च म्हणावं आणि त्या ओळीतल्या ‘वापरू नये’ या रकान्यात ‘हमी’ लिहावं. या रकान्यामुळे नवा अनुवादकही जुनी चूक करत नाही.

अंतिम शब्द एकट्या अनुवादकाने ठरवू नये. यंत्राचे शब्द सर्व्हिस इंजिनिअरने आणि कराराचे वकिलाने तपासावेत. त्यांचं नाव आणि तारीख ओळीत असली, की पुन्हा वाद झाल्यावर कुणाला विचारायचं ते कळतं.

शेवटी काम तयार झालं, की ‘वापरू नये’मधले शब्द त्यात शोधायचे. इथे मराठीची एक खोच आहे. ‘पंखा’ शोधला तर ‘पंख्याला’, ‘पंख्याचे’ सापडत नाहीत. म्हणून सामान्यरूप ‘पंख्या’ही शोधावं लागतं. सापडलेली प्रत्येक जागा वाचूनच बदलायची, कारण मोटरचा पंखा हा पंखाच असतो. आणि सूचीतला शब्द पुढे बदलला, तरी सही झालेल्या करारात हात घालायचा नाही. त्या करारातल्या व्याख्याच तिथे लागू राहतात.