'डॉली झूम' मागितला, पण साधा झूम मिळाला. असं का होतं?

लांबलचक कॉरिडॉरमध्ये एक मुलगी उभी आहे. तिला काहीतरी भयंकर दिसतं. तिचा चेहरा जागेवरच राहतो, पण मागचा कॉरिडॉर ताणल्यासारखा दूर दूर जातो. अशा रीलसाठी अनेकजण एआय व्हिडिओ जनरेटरला 'डॉली झूम' किंवा 'व्हर्टिगो इफेक्ट' मागतात. हाती मात्र अनेकदा चेहऱ्यावर सरळ जाणारा साधा झूम येतो.

मुळात डॉली झूम म्हणजे काय?

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटात उंचीची भीती असलेला नायक जिन्यावरून खाली बघतो, तेव्हा जिना खोल खोल जाताना दिसतो. कॅमेरामन इर्मिन रॉबर्ट्स यांनी हा शॉट शक्य करून दाखवला. पुढे 'जॉज'मध्ये (१९७५) समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या पोलीस प्रमुखाच्या चेहऱ्यावर तो वापरला गेला आणि जगभर ओळखीचा झाला.

यात दोन गोष्टी एकाच वेळी, पण उलट दिशेनं होतात. चाकांच्या गाडीवरचा, म्हणजे डॉलीवरचा कॅमेरा माणसाकडे सरकतो आणि त्याच वेळी लेन्स झूम आउट होते. किंवा कॅमेरा मागे जातो आणि लेन्स झूम इन होते.

एक उदाहरण घेऊ. मुलगी कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आहे आणि तिच्या १० मीटर मागे दरवाजा आहे. लेन्स ७२ मिमीवर आहे. आता कॅमेरा २ मीटरपर्यंत पुढे आला आणि लेन्स २४ मिमीवर गेली. अंतर तिसऱ्या हिश्शावर आलं, झूमही तिसऱ्या हिश्शावर आला, त्यामुळे मुलगी फ्रेममध्ये तेवढीच दिसते. दरवाज्याचं अंतर मात्र १६ मीटरवरून १२ मीटरवरच आलं. त्यामुळे तो आधीच्या निम्म्याहूनही लहान दिसतो, म्हणजेच दूर गेल्यासारखा वाटतो.

जनरेटर कुठे फसतो?

हे मॉडेल व्हिडिओ आणि त्यांची वर्णनं यांच्या जोड्यांवरून शिकतं. त्यात साधे झूम आणि पुढे सरकणारे शॉट भरपूर असतात, खरे डॉली झूम फार थोडे. शिवाय 'डॉली झूम' या नावातच 'झूम' आहे. त्यामुळे मॉडेल ओळखीच्या हालचालीकडे झुकतं. नुसतं 'व्हर्टिगो' लिहिलं, तर शब्दाच्या चक्कर येण्याच्या अर्थावरून गरगरणारा कॅमेराही मिळू शकतो.

दुसरी अडचण चित्राची आहे. मागचा भाग दूर जाताना फ्रेमच्या कडांना आधी न दिसलेल्या भिंती, दारं, दिवे दिसू लागतात. एका फोटोवरून व्हिडिओ बनवताना ही माहिती फोटोत नसतेच, मॉडेलला ती रचावी लागते. फोटो नुसता मोठा करत नेणं त्याहून सोपं असतं.

मग शब्द कसे निवडायचे?

फक्त नाव देऊन थांबू नका. काय हलतं, काय स्थिर राहतं आणि मागे काय होतं, हे तिन्ही सांगा. उदाहरणार्थ:

```
Dolly zoom. The camera physically moves toward
the woman while the lens zooms out.
Her face stays the same size in the frame.
The long corridor behind her stretches away.
```

यातलं तिसरं वाक्य सर्वात कामाचं आहे, कारण साध्या झूममध्ये चेहऱ्याचा आकार स्थिर राहूच शकत नाही. जागाही खोली असलेली निवडा: कॉरिडॉर, झाडांची रांग, रेल्वेचा फलाट. मुलगी भिंतीला टेकून उभी असेल, तर डॉली झूम बरोबर येऊनही फारसा जाणवणार नाही.

मिळालेला शॉट खरा आहे का?

क्लिपची पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवा आणि चेहरा व मागचा दरवाजा मोजा. दोन्ही सारख्याच पटीत मोठे झाले असतील, तर तो साधा झूम. दोन्ही मोठे झाले पण चेहरा जास्त पटीत, तर कॅमेरा फक्त पुढे गेलाय. चेहरा तेवढाच आणि दरवाजा बदललेला, तर तो डॉली झूम.

इतकं लिहूनही तो मिळेलच, याची खात्री नाही. तेव्हा फक्त मागे जाणाऱ्या कॅमेऱ्याचा शॉट मागा. एडिटिंग अ‍ॅपमध्ये कीफ्रेम लावून क्लिप हळूहळू अशी मोठी करा की चेहरा तेवढाच राहील. मग मागचा दरवाजा जवळ येताना दिसेल. दुप्पट मोठं केल्यावर मूळ चित्राचा चौथा हिस्साच उरतो, म्हणून क्लिप जास्तीत जास्त रिझोल्यूशनची घ्या.