उच्च शिक्षणासाठी दिलेले राजीनामे

ज्या रुग्णालयातून मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, तिथल्या आयसीयूतली एक सीनियर सिस्टर यंदा एम.एस्सी. नर्सिंगला गेली. तिने हाताने लिहिलेला राजीनामा ऑफिसने घेतलाच नाही. आता राजीनामा संगणकावर भरायचा असतो आणि कारणासाठी दिलेल्या ठरावीक पर्यायांतून एक निवडायचा असतो. तिने ‘उच्च शिक्षण’ निवडलं आणि प्रकरण मिटलं. तिच्या कागदावर मात्र आणखी एक परिच्छेद होता. दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळावी, ते शक्य नसेल तर शिक्षण संपल्यावर याच विभागात सेवाज्येष्ठतेसह परत घ्यावं, अशी विनंती त्यात होती. संगणकावर ती लिहायला जागाच नव्हती. हे ऐकल्यापासून माझ्या टेबलावरून गेलेली राजीनामापत्रं मला आठवत राहिली आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांत फारसं वेगळं काही नसे. कुणाचं लग्न ठरलेलं असे, कुणाला सरकारी नोकरी लागलेली असे, कुणी आखातात निघालेली असे. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे शिकायचं तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.च्या जागा मोजक्याच होत्या. त्यामुळे शिक्षणासाठी म्हणून राजीनामा आला की आम्ही मनापासून आनंदित व्हायचो.

2006 ते 2016 या दहा वर्षांत मात्र हे बदललं. नर्सिंग कॉलेजं वाढली, दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आवाक्यात आला, आणि त्याच काळात खासगी रुग्णालयांत बाँडची पद्धत घट्ट झाली. रुजू होतानाच मुलीची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात जात. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा, नाहीतर प्रमाणपत्रं मिळणार नाहीत. प्रवेशाच्या वेळी कॉलेज मूळ गुणपत्रिका आणि कौन्सिलची नोंदणी मागे, आणि ती आमच्या कपाटात. त्यामुळे त्या काळातल्या पत्रांत आभाराच्या आधी प्रमाणपत्रांची मागणी असे. इतक्या वर्षांनीही त्या कपाटाबद्दलचा माझा राग गेलेला नाही. मुलीचा दहावीचा दाखला अडकवून तिला वॉर्डात उभं करायचं आणि तिच्याकडून रुग्णाची माया अपेक्षायची, हे मला कधीच पटलं नाही. मी तसं बैठकांत बोललेही होते. तेव्हाच्या प्रशासनाने ते कधी लिहून घेतलं नाही.

याच दहा वर्षांत ‘उच्च शिक्षण’ या कारणावरचा विश्वासही उडाला, कारण सोडून जायचं ते एकच सुरक्षित कारण उरलं होतं. पगार पुरत नाही, लागोपाठ नाइट लावतात, तीन व्हेंटिलेटर एकीच्या अंगावर टाकतात, असं लिहिलं तर अनुभवाच्या दाखल्याची भाषा बिघडे. म्हणून सगळ्याच उच्च शिक्षणासाठी जाऊ लागल्या. खरंच शिकायला जाणारी कोण, हे पत्रावरून कळे. ती कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि वर्ग सुरू होण्याची तारीख लिहायची. इतरांच्या पत्रांत यातलं काही नसायचं.

2013 सालचं एक पत्र मला तपशिलासह आठवतं. ती मुलगी 16 ऑक्टोबर 2008 ला रुजू झालेली, पहिल्यापासून आयसीयूत. पोस्ट बेसिकला प्रवेश मिळाला, वर्ग 1 ऑक्टोबरला सुरू होणार होते. 16 सप्टेंबरला तिने पत्र दिलं. नोटीस एक महिन्याची होती, म्हणून तिने लिहिलं होतं की नोटिशीचा काळ माफ करून मला 30 सप्टेंबरला मुक्त करावं. सगळ्या मुली असंच लिहीत. पण 15 ऑक्टोबरला तिची पाच वर्षं पूर्ण होत होती आणि ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळतो. काही न्यायालयांनी पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी चालतात असं म्हटलं आहे, पण त्यासाठी कोर्टात जायला विद्यार्थिनीकडे ना वेळ असतो ना पैसा. म्हणजे सवलत म्हणून मागितलेल्या त्या एका वाक्यामुळेच तिचे पैसे जाणार होते.

मी तिला ते वाक्य खोडायला लावलं. नवं पत्र असं झालं: राजीनाम्याची तारीख 16 सप्टेंबर, शेवटची ड्यूटी 30 सप्टेंबर, 1 ते 16 ऑक्टोबर शिल्लक अर्जित रजा, सेवामुक्ती 16 ऑक्टोबर. भरपगारी रजा सेवेतच धरली जाते. नोटीसही पूर्ण झाली आणि पाच वर्षंही. नोटिशीत रजा वळती करायला व्यवस्थापनाची मंजुरी लागते. ऑफिस नाही म्हणालं, तेव्हा मी फाईल घेऊन वैद्यकीय संचालकांकडे गेले आणि सही आणली. तिचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून सहा हजार होते. त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. 17,308 रुपये झाले. तिचं वसतिगृह त्यातून भागलं.

पीएफही काढू नकोस, असं मी तिला बजावलं होतं. फीसाठी मुली तेव्हा दोन महिने थांबून सगळी रक्कम काढायच्या आणि तिच्याबरोबर पेन्शनची झालेली वर्षंही मोडायच्या. त्या पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते. आधीची पाच राखली तर पुढच्या नोकरीतली पाच त्याला जोडता येतात.

तिच्या पत्राचा दुसरा अर्धा भाग चार्जचा होता, आणि तो तिने मी न सांगता लिहिला होता. मॉर्फिन-फेंटॅनिलच्या रजिस्टरातली शिल्लक, क्रॅश कार्टचं सील कधी बदललं, कुठला इन्फ्युजन पंप दुरुस्तीला गेला आहे, आणि कोणत्या दोन ज्युनिअर मुलींना अजून एकटीने व्हेंटिलेटरचा रुग्ण देऊ नये. आजचं नो-ड्यूज गणवेश, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली विचारतं. त्या दोन मुलींबद्दल विचारायला आता कुणाला सुचत नाही, आणि हे रुग्णांच्या जिवाशी संबंधित आहे.

पुढे बाँडविरुद्ध आवाज वाढला, कपाटं हळूहळू रिकामी झाली. 29 जानेवारी 2016 ला ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी दराने पगार द्यावा, पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस समितीने केली. आम्ही तो अहवाल नर्सिंग ऑफिसात मोठ्याने वाचला होता. आमच्या पगारपत्रकापर्यंत तो आला नाही.

शिकून आलेल्या नर्सला परत घेण्याचा प्रश्न तर तेव्हाही कुणी हाती घेतला नाही. सरकारी सेवेत अध्ययन रजेची सोय आहे. खासगीत राजीनाम्याशिवाय वाट नाही. 2013 ची ती मुलगी 2015 मध्ये पदवी घेऊन खरोखर परत आली होती. तिला आयसीयूच हवं होतं. ऑफिसने तिची आधीची पाच वर्षं शून्य धरली आणि नव्याने लागलेल्या मुलीचा पगार देऊ केला. पदवीची वेतनश्रेणी आमच्याकडे नव्हतीच. मी भांडले, पण त्या वेळी सही मिळाली नाही. एका नर्सिंग कॉलेजात तिला ट्यूटरची जागा मिळाली आणि ती तिकडे गेली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची नळी बंद होत चालली आहे हे अलार्म वाजण्याआधी ओळखणारी बाई तेव्हापासून फळ्यासमोर आहे.

यंदा गेलेल्या सिस्टरने मला फोनवर विचारलं, “मॅडम, दोन वर्षांनी हे मला परत घेतील का?” तो परिच्छेद वेगळ्या अर्जात लिहून वैद्यकीय संचालकांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठव आणि पोच जपून ठेव, असं मी तिला सांगितलं. तिने तो पाठवला आहे.