नांदूर-शिंगोट्याचा उठाव का फसला?

पुण्याहून नाशिककडे येणारा रस्ता संगमनेर मागे टाकून सिन्नरच्या बाजूला लागला, की नांदूर-शिंगोटे हे गाव येते. आणि या गावापासून मैलभर अंतरावरच्या, त्या काळी पुणे-नाशिक रस्ता ज्यांच्या माऱ्याखाली येत असे अशा टेकड्यांत, १८५७ सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी भागोजी नाईक हा भिल्लांचा पुढारी पन्नासेक माणसे घेऊन ठाण मांडून बसला होता. हा भागोजी कोणी अनोळखी दरोडेखोर नव्हता. अहमदनगरच्या पोलिसात त्याने अंमलदारी केली होती, १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून शिक्षा भोगली होती, आणि सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीनही दिला होता. ती मुदत संपते न संपते तोच सरसकट हत्यारे काढून घेण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि भागोजीने गाव सोडले.

४ ऑक्टोबर रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री पन्नास शिपाई घेऊन तेथे आला. त्यांपैकी तीस पोलीस होते आणि वीस महसूल खात्याचे, केवळ तलवारी बाळगणारे. सिन्नर आणि अकोले येथील मामलेदारांमार्फत त्याने भागोजीला शरण येण्याचा निरोप धाडला, त्यावर भागोजीचे उत्तर आले की दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढील चरितार्थाची काही तजवीज व्हावी, तरच आपण येऊ. हेन्रीने चालून जाण्याचा हुकूम दिला. पहिल्याच गोळीने त्याच्या पाठीमागचा माणूस पडला. थोडे अंतर चालून जाताच तो स्वतः जखमी झाला, उठून पुन्हा पुढे सरला आणि छातीत गोळी लागून मेला.

या दिवसापासून ११ नोव्हेंबर १८५९ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, नाशिक-नगरच्या डोंगराळ मुलखात भिल्लांचा हा उठाव धुमसत राहिला. आपल्याकडे १८५७ नंतरच्या चळवळींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या लेखनाची रीत अशी पडली आहे की पुढील चळवळीचे यश ज्या गोष्टींत दिसते त्या गोष्टींचा अभाव हेच मागील उठावाच्या अपयशाचे कारण म्हणून सांगावयाचे. पुढे संघटना होती, मागे नव्हती. पुढे वृत्तपत्रे होती, मागे नव्हती. झाले, अपयशाची मीमांसा संपली. परंतु नसलेल्या गोष्टींची यादी कितीही लांबविता येते आणि तीतील कोणत्या अभावाने प्रत्यक्ष घात केला हे त्या यादीवरून कधीच कळत नाही. अपयशालाही स्वतःचा पुरावा असतो आणि तो त्या उठावाच्याच हकिगतीत शोधावा लागतो.

ही हकिगत मुख्यत्वे १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून आपणास मिळते. ती जिंकलेल्या पक्षाने लिहिलेली आहे, हे वाचकाने प्रत्येक ओळीला ध्यानात ठेवावे. मात्र तेवढ्यावरून ती टाकून देणे चुकीचे होईल. लिहिणाऱ्याच्या सोयीचे जे विधान असेल त्याविषयी शंका घ्यावी, आणि जे त्याला गैरसोयीचे असूनही त्याच्या लेखणीतून उतरले असेल त्यावर अधिक भार द्यावा, हा दप्तरे वाचण्याचा जुना आणि खात्रीचा नियम आहे. भिल्ल लोक ब्राह्मणांच्या चिथावणीने उठले, हे गॅझेटियरचे विधान पहिल्या प्रकारचे आहे. त्र्यंबकच्या खजिन्यावर ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री हल्ला झाला, त्यानंतर डोंगर धुंडाळून पकडलेल्या ठाकरांच्या जबान्यांवर त्याचा मोठा आधार आहे, आणि कैदेत घेतलेल्या जबानीची किंमत किती धरावी हे सांगण्याची गरज नाही. उलट थकलेल्या पगाराची मागणी हे दुसऱ्या प्रकारचे विधान आहे. आपल्याच खात्यात काम केलेला एक अंमलदार पगार मागत होता आणि आपण त्याला चढाईने उत्तर दिले, हे नोंदविण्यात सरकारचा काहीच फायदा नव्हता.

उठाव फसण्याचे सर्वांत प्रचलित कारण म्हणजे हत्यारांची विषमता. हे कारण हकिगतीच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. नांदूर-शिंगोट्याला पहिला विजय भिल्लांच्या बंदुकांनी मिळविला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, १८ ऑक्टोबरला, अकोले तालुक्यातील समशेरपूरच्या डोंगरात पलटणीचे शिपाई व पोलीस यांच्याशी गाठ पडली तेव्हा सरकारचे दोन अधिकारी जखमी झाले. २० जानेवारी १८५८ रोजी नांदगावजवळ मांडवड येथे दाट झाडीत दबा धरून बसलेल्या भिल्लांवर मॉन्टगोमेरी या इंग्रज अधिकाऱ्याची फौज चालून गेली, आणि तेथेही एक गोरा लेफ्टनंट मारला जाऊन इतर अधिकारी घायाळ झाले. आडोसा निवडून, तेथे येऊ देऊन, प्रथम पुढाऱ्यावर नेम धरावयाचा, ही त्यांची युद्धपद्धती त्या जागेपुरती सरकारी पद्धतीहून सरस होती. जो पक्ष पहिले चार महिने अशा लढती देतो, तो केवळ हत्यारांच्या उणेपणाने हरला असे म्हणता येत नाही. मग पुढील काळात काय पालटले, हा खरा प्रश्न आहे.

पालटले ते असे. नियमित पलटणी सरहद्दीवर आणि मोठ्या गावांच्या बंदोबस्ताला ठेवून, डोंगरातील पाठलागाचे काम सरकारने डोंगरातल्याच माणसांकडे सोपविले. कॅप्टन नटॉल याला कोळ्यांची एक पलटण उभारण्याचा हुकूम झाला. जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यांतून ती भरती झाली; डिसेंबर १८५७ मध्ये स्वतःच्याच तलवारी आणि बंदुका घेऊन शंभर माणसे सज्ज झाली, आणि पुढे ही संख्या सहाशेपर्यंत वाढविण्यात आली. तंबू नाही, सामानाचे बैल नाहीत. पाठीवर पिशवी, वाटून घेतलेली स्वयंपाकाची भांडी आणि पायात वहाणा एवढ्यावर हे लोक दिवसाला तीस-चाळीस मैल डोंगर तुडवीत. ज्या गुणावर भिल्लांची सारी भिस्त होती, म्हणजे जंगलाची माहिती आणि हलके चालणे, तोच गुण सरकारने विकत घेतला. मांडवडला फौज दबलेल्या माणसांवर उघड्यावरून चालून गेली होती. आता दबलेल्या माणसांना दबूनच शोधणारे आले.

येथे गॅझेटियर म्हणते की कोळी हे भिल्लांचे पिढीजात वैरी होते. हे वाक्य वाचून पुष्कळ अभ्यासक थांबले आहेत. परंतु त्याच पानावर पुढे भरतीची रीत दिली आहे, आणि ती या वाक्याला खोडून काढते: नटॉलने निरनिराळ्या कुळांच्या प्रमुखांशी बोलणी केली, आणि जो जितकी माणसे आणील त्या प्रमाणात त्याला हुद्दा व मान देण्याचे वचन दिले. बांबळे कुळाचे प्रमुख जावजी नाईक यांना पलटणीचे प्रमुखपद मिळाले. वैर पिढीजात आणि पुरेसे असते तर त्याची अशी किंमत मोजावी लागली नसती. याहून बोलका पुरावा असा, की पलटणीच्या अधिकाऱ्यांत राघोजी भांगरे यांचा एक भाऊ होता. राघोजींनी सावकार आणि सरकार यांविरुद्ध याच डोंगरांत उठाव केला होता आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले होते. ज्या घराने दहा वर्षांपूर्वी सरकारविरुद्ध आपला माणूस गमावला, त्या घरातला पुरुष भागोजीच्या पाठलागावर निघावा, ही गोष्ट वैराने समजत नाही. ती नाईकपणाच्या व्यवस्थेने समजते. नाईक म्हणजे आपल्या कुळाची माणसे गोळा करू शकणारा आणि त्या बळावर वरच्या सत्तेकडून वतन, पगार वा हुद्दा मिळविणारा पुरुष. भागोजीची माणसे याच नात्याने त्याच्यापाशी आली होती, आणि त्याचे स्वतःचे मागणेही थकलेला पगार आणि चरितार्थाची तजवीज हेच होते. उठाव ज्या यंत्राने उभा राहिला तेच यंत्र पैसा आणि मान देऊ शकणाऱ्या सत्तेने अधिक मोठ्या प्रमाणात चालविले. हेन्रीच्या जागी अधिक धोरणी अधिकारी असता तर भागोजी स्वतःच त्या पलटणीचा अंमलदार झाला असता, असे माझे मत आहे, आणि त्यात भागोजीची अप्रतिष्ठा नाही. थकलेला पगार मागणे हा त्याचा हक्क होता. परंतु ज्या मागणीची पूर्तता एकेका नाईकाशी स्वतंत्र तह करून होऊ शकते, त्या मागणीवर दोन जमातींना एकत्र बांधता येत नाही.

दुसरे कारण अन्नाचे आहे. डोंगरात दाणा पिकतो तो थोडा, आणि शेकडो सशस्त्र माणसे दोन वर्षे त्यावर जगू शकत नाहीत. म्हणून टोळ्यांना खालच्या पठारावरील बाजारपेठांकडे वळावे लागे. डिसेंबर १८५७ मध्ये पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठच्या राजघराण्यातील भगवंतराव यांना या उठावाच्या संबंधात फाशी झाली. १८५९ च्या ऑक्टोबरअखेरीस भागोजीने कोपरगावकडील कोऱ्हाळे गाव लुटले. ही प्रत्येक लूट टोळीला काही आठवडे जगवी, आणि त्याबरोबर एक गाव कायमचे शत्रूच्या बाजूला ढकली. परिणाम काय झाला हे पंधरवड्यातच दिसले. त्या वर्षी संगमनेरजवळच्या आंभोरे दऱ्यात नटॉलने गाठल्यावर भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला होता आणि त्याचा साथीदार हरजी नाईक पकडला गेला होता. उरलेली टोळी सिन्नर तालुक्यात मिठसागरेच्या बाजूला ओढ्यात विसावा घेत असल्याची वर्दी ११ नोव्हेंबरला पोलीस अधिकारी फ्रँक सूटर याला मिळाली, आणि ती देणारा पांचाळे गावचा पाटील होता. टोळी चोहोकडून वेढली गेली, भिल्ल शेवटपर्यंत लढले आणि भागोजी तेथे पडला. पाटलाला फितूर म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. लुटीच्या वाटेवर असलेल्या गावाच्या पाटलाकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी?

हे कारण खरे की केवळ जुळवून घेतलेले, याची पडताळणी त्याच मुलखातील दोन नंतरच्या घटनांवरून करता येते. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांतून पसरले. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले आणि जाळले की पुष्कळ ठिकाणी काम संपे, त्यामुळे गावेच्या गावे त्यांत सामील झाली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. या यशाचे श्रेय शिक्षणाला किंवा संघटनेला देता येणार नाही, कारण १८५७ च्या भिल्लांइतकीच ती या कुणब्यांनाही दुर्मिळ होती. नेमके त्याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी रामोश्यांना घेऊन बंड केले. फडके शिकलेले, त्यांचे ध्येय स्वराज्याचे. पण खर्चासाठी दरोडे घालण्याची गरज मात्र तीच, सोबत्यांचे लक्ष लुटीच्या वाट्याकडे असण्याची अडचणही तीच, आणि त्या वर्षाच्या जुलैत ते पकडले गेले. शिक्षण आणि ध्येय असूनही बंड फसले, आणि दोन्ही नसताना दंग्याने कायदा मिळविला. गावाच्या दाण्यावर जगणारी चळवळ गावाला आपल्या बाजूस ठेवते की नाही, या एका गोष्टीपाशी हे तिन्ही प्रसंग वेगळे होतात.

वेळेचाही विचार करावा लागेल, पण त्यावर मी फार भार देणार नाही. भागोजीने पहिली गोळी झाडली त्याआधीच सप्टेंबरात दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली होती, आणि एप्रिल १८५९ मध्ये तात्या टोपे फासावर गेले. बाहेरून मदत येण्याची आशा होती ती अशी मावळत गेली. तरीही भिल्ल त्यानंतर सात महिने लढत राहिले. म्हणजे त्यांचा उठाव दिल्लीच्या जीवावर उभा नव्हता, आणि म्हणून दिल्लीच्या पाडावाने तो कोसळलाही नाही. त्याला कोसळविले ते शेजारच्या डोंगरातून भरती झालेल्या सहाशे माणसांनी आणि पठारावरच्या एका पाटलाच्या वर्दीने.

कोळ्यांची ती पलटण मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली. थोडे लोक पोलिसात घेतले गेले. बाकीचे सारे आपल्या डोंगरातल्या शेतीवर परत गेले.